टीव्हीवर मराठी सबटायटलची वेलांटी पळते कुठे?

पेनड्राइव्हवर फिल्म आणि सोबत मराठी सबटायटलची फाईल टाकून टीव्हीला लावली की कधीकधी अक्षरं मोडकी दिसतात, आणि लगेच कोणीतरी म्हणतं फाईल करप्ट आहे. बहुतेक वेळा फाईल ठणठणीत असते हो. srt फाईल म्हणजे नुसती वेळ आणि मजकूर:

```
12
00:01:04,200 --> 00:01:06,800
स्थिती बिकट आहे
```

गंमत पुढे आहे. ‘स्थिती’ हा शब्द फाईलमध्ये सहा तुकड्यांत असतो, स, हलन्त, थ, ऱ्हस्व वेलांटी, त आणि दीर्घ वेलांटी, बोलतो त्याच क्रमाने. पण दिसताना पहिल्या वेलांटीला थ आणि स दोघांना ओलांडून डावीकडे यायचं असतं, शिवाय स अर्धा करून थ ला जोडायचा असतो. हे काम फॉन्ट एकटा करत नाही, त्याला शेपिंग इंजिन नावाचं सॉफ्टवेअर लागतं. टीव्हीच्या प्लेअरमध्ये ते नसेल तर स खाली हलन्त लटकतो आणि वेलांटी थ च्या पुढे, म्हणजे त च्या डोक्यावर जाऊन बसते. नुसते चौकोन दिसले तर देवनागरी फॉन्टच नाही, आणि à¤¸ असलं काही दिसलं तर फाईल UTF-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत आहे पण टीव्ही ती भलत्याच एन्कोडिंगने वाचतोय. ‘फोर-के घ्या, सगळं क्लिअर दिसेल’ म्हणणाऱ्या सेल्समनचं ऐकू नका, पिक्सेल चौपट झाले म्हणून वेलांटी जागेवर येत नाही.

अशा टीव्हीसाठी कॉम्प्युटरवर ffmpeg नावाच्या प्रोग्रॅमने सबटायटल चित्रातच बर्न करून टाकायचं:

```
ffmpeg -i film.mp4 -vf subtitles=film.srt burn.mp4
```

आता जोडाक्षरं तुमच्याच कॉम्प्युटरवर जुळवली जातात, टीव्हीला फक्त चित्र दाखवायचंय. व्हॉट्सॲपलाही हेच, कारण तिथे वेगळी फाईल चालतच नाही. पण व्हॉट्सॲप व्हिडिओ पुन्हा दाबून लहान करतं आणि त्यात बारीक तपशील आधी मरतो, अनुस्वार तर पहिलाच जातो. त्यात नेहमीच्या व्हिडिओत उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची असते, रंगाची मात्र चार पिक्सेल मिळून एकच, म्हणून निळ्यावर लाल अक्षरं काढलीत तर कडा फिसकटतात. पांढरी जाड अक्षरं, काळी किनार, आकार मोठा, बस.

यूट्यूबला मात्र बर्न केलेलं देऊ नका, फिल्म कोरी आणि srt वेगळी द्या. बघणाऱ्याला अक्षर मोठं करता येतं, नको तर बंद करता येतं, आणि शुद्धलेखनाची चूक सापडली तर फक्त फाईल बदलायची, लिंक तीच राहते. बर्न केलेल्या व्हिडिओत चूक निघाली तर नव्याने अपलोड आणि नवी लिंक, शिवाय कोरी कॉपी ठेवली नसेल तर तेही नाही.

हॉलमधला टीव्ही कुठल्या जातीचा आहे ते आधीच बघायचं असेल तर अर्ध्या मिनिटाचा तुकडा आणि त्याची srt नेऊन लावा, फक्त त्यात ‘स्थिती’, ‘क्षेत्र’, ‘किंवा’ असले शब्द ठेवा. ‘घर’, ‘मन’ तर शेपिंग नसलेल्या टीव्हीवरही नीटच दिसतात.