लालफीत

लालफीत म्हणजे सरकारी कामकाजातल्या अशा अटी, नमुने आणि सह्या, ज्यांची पूर्तता करण्यात वेळ व पैसा जातो. पण ज्या कारणासाठी त्या घातल्या ते कारण त्यांतून साधत नाही. ब्रिटनमध्ये कायद्याची आणि सरकारी कागदपत्रे लाल कापडी फितीने बांधून ठेवत. त्यावरून एकोणिसाव्या शतकात कारभारातल्या दिरंगाईलाच हे नाव रूढ झाले. मराठीत ‘दप्तरदिरंगाई’ हा शब्दही चालतो, मात्र त्यात फक्त उशीर येतो. वेळेत पुरी होणारी निरर्थक अटही लालफीतच असते.

एखाद्या कार्यालयातल्या बिघडलेल्या पंपाची दुरुस्ती घ्या. मागणीची टिपणी लिपिकापासून निघते आणि सहा टेबलांवरून मंजुरीपर्यंत जाते. प्रत्येक टेबलावर वाचून शेरा मारायला पंधरा मिनिटे धरली, तर सहाही टेबलांचे मिळून काम दीड तासाचे. पण प्रत्येक ठिकाणी फाइल चार दिवस पडून राहिली की चोवीस दिवस गेले. पाचव्या टेबलाने त्रुटी काढली, तर फाइल पुन्हा लिपिकाकडे उतरते आणि तोच जिना परत चढते. सगळ्या त्रुटी एकदम न सांगता एकेक करून काढल्या, तर अशा फेऱ्या कितीही होऊ शकतात. म्हणून लालफीत मोजताना कामाचा वेळ आणि पडून राहण्याचा वेळ वेगळा लिहावा लागतो. आवक-जावक नोंदवहीतल्या तारखांवरून तो काढता येतो.

या सहा सह्यांपैकी काही मात्र काढून चालत नाहीत. दुरुस्ती मागणारा, दर तपासणारा, मंजुरी देणारा आणि पैसे अदा करणारा हे चौघे वेगळे असले, तर खोट्या बिलासाठी एकाहून अधिक माणसांना संगनमत करावे लागते. निर्णयाची कारणे लिहून ठेवणे, कोणाविरुद्ध आदेश काढण्याआधी त्याचे म्हणणे ऐकून घेणे हीही अशीच संरक्षणे. त्यांनी काम लांबते, आणि ते लांबावेच अशी अपेक्षा असते. उरलेल्या दोन सह्या ‘सहमत, सादर’ एवढेच म्हणत असतील, तर संशय घ्यायला जागा आहे.

अशी सही करणाऱ्या टेबलाने आजवर एकही फाइल अडवली नाही, एवढ्यावरून मात्र ते निरुपयोगी ठरत नाही. तपासणी होणार हे ठाऊक असल्यामुळेच कोणी खोटे बिल लावत नसेल. अधिक भरवशाचा प्रश्न वेगळा आहे: या टेबलापाशी आधीच्या टेबलापाशी नसलेली कोणती माहिती, कौशल्य किंवा अधिकार आहे? काहीच नसेल, तर तिथे तपासणी होत नाही, फक्त जबाबदारी वाटली जाते.

जबाबदारी वाटून घेण्याची ही ओढ लालफितीचे मुख्य कारण म्हणता येईल. चुकीची मंजुरी दिली तर चौकशी लागते. योग्य अर्ज महिनाभर ठेवला तर सहसा काही होत नाही. अशा ठिकाणी आणखी एक कागद मागणे कर्मचाऱ्याच्या दृष्टीने शहाणपणाचेच ठरते. त्यात प्रत्येक गैरव्यवहारानंतर नवी अट येते, पण जुनी रद्द करण्याची पाळी कोणावरच नसते. उशीर विकताही येतो: अडलेली फाइल हलवण्यासाठी लाच मिळत असेल, तर ती अडवण्यातच फायदा.

याची किंमत अर्जदार भरतो, म्हणून ती कार्यालयाच्या हिशेबात दिसत नाही. पेरूमधील अर्थतज्ज्ञ हेर्नांदो दे सोतो यांच्या संस्थेने 1983 मध्ये ती प्रत्यक्ष मोजून पाहिली. लिमा शहरात कपडे शिवण्याचा एक लहान कारखाना रीतसर नोंदवण्याचा प्रयत्न तिच्या माणसांनी केला. त्यासाठी 11 परवाने आणि 289 दिवस लागले. दहा वेळा लाच मागितली गेली. दोनदा ती दिल्यावाचून पुढे जाताच येईना. बुडालेल्या उत्पन्नासह खर्च तिथल्या किमान मासिक वेतनाच्या तीस पटींहून अधिक झाला. एवढे परवडत नाही तो नोंदणीच्या बाहेर राहून धंदा करतो, आणि मग ज्या नियमांनी कामगार वा ग्राहकाला जपायचे ते त्याला लागूच होत नाहीत.

ठरलेल्या मुदतीत उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असे मानण्याची तरतूद हा एक उपाय आहे. या तरतुदीमुळे गप्प बसण्याची किंमत कार्यालयावर येते. साध्या दुकानाच्या नोंदणीला ती शोभते. इमारतीच्या आगप्रतिबंधक तपासणीला लावली, तर मुदत उलटताच न पाहिलेली इमारत सुरक्षित ठरते. तिथे तपासनीस वाढवावे लागतात, किंवा तपासणीसाठी आधी सादर करायच्या कागदांची यादी तरी कमी करावी लागते.