सोयाबीनमधील दुबळे इस्ट्रोजेन आणि शरीराचा हिशेब

१९४० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियातील मेंढपाळांवर एक विचित्र संकट आले. हिरव्यागार कुरणांत चरणाऱ्या, दिसायला धडधाकट असलेल्या मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या, राहिल्या तरी विताना अडू लागल्या, कित्येकींचे गर्भाशय बाहेर आले आणि खच्ची केलेल्या नरांच्या कासेत चक्क दूध उतरू लागले. त्या कुरणांत क्लोव्हर नावाचे चाऱ्याचे पीक मुबलक होते आणि त्या पिकात स्त्रीसंप्रेरकासारखे, म्हणजे इस्ट्रोजेनसारखे वागणारे काहीतरी आहे, असे १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. सोयाबीन खाल्ल्याने पुरुषांचे पौरुष कमी होते किंवा स्त्रियांना कर्करोग होतो, या आजच्या भीतीचे एक मूळ या मेंढ्यांपर्यंत जाते. म्हणूनच त्यांच्या पोटात नेमके काय घडत होते, हे आधी समजून घ्यायला हवे.

क्लोव्हरमधून जे पदार्थ वेगळे केले गेले, त्यांत जेनिस्टीन होते. सोयाबीनमध्येही मुख्यतः हेच असते. या गटातील पदार्थांना आयसोफ्लेव्होन म्हणतात. साहजिकच पहिला संशय जेनिस्टीनवर गेला, पण तो चुकीचा ठरला. मेंढीच्या पोटातील जिवाणू काही दिवसांत जेनिस्टीनला सरावतात आणि त्याचे तुकडे करून ते निष्क्रिय करून टाकतात. खरा अपराधी निघाला फॉर्मोनोनेटिन नावाचा त्याचा भाऊबंद. स्वतः तो अगदीच दुबळा आहे, परंतु मेंढीचे जिवाणू त्याचे रूपांतर आधी डेडझीनमध्ये आणि मग इक्वोल नावाच्या बऱ्याच अधिक प्रभावी पदार्थात करतात. मेंढ्या दिवसच्या दिवस जवळजवळ एवढेच खात असल्याने हे इक्वोल त्यांच्या रक्तात सतत साचून राहत असे. परीक्षानळीत जो पदार्थ जोरकस दिसतो तो शरीरात निरुपद्रवी ठरू शकतो आणि जो दुबळा दिसतो तो घातक, हा या प्रकरणातील सर्वांत मोलाचा धडा आहे आणि माणसाच्या बाबतीतही सगळा प्रश्न याच वळणावर येतो.

आयसोफ्लेव्होन हे रचनेने स्त्रीसंप्रेरक नाहीत. मात्र त्यांच्या रेणूच्या दोन टोकांवरील हायड्रॉक्सिल गटांमधील अंतर, एस्ट्राडायोल या आपल्या शरीरातील मुख्य इस्ट्रोजेनमध्ये असते जवळपास तेवढेच असते. त्यामुळे पेशीतील इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरमध्ये, म्हणजे ते संप्रेरक ओळखणाऱ्या प्रथिनात, ते बसू शकतात. कुलपात दुसऱ्याच कुलपाची, पण दात बरेचसे जुळणारी किल्ली शिरावी तसे. १९९६ सालापर्यंत असा एकच रिसेप्टर ठाऊक होता. त्या वर्षी उंदराच्या पुरस्थ ग्रंथीत दुसरा सापडला आणि त्यांना अल्फा व बीटा अशी नावे मिळाली. स्तन आणि गर्भाशयाच्या पेशींची वाढ करण्याचा आदेश मुख्यतः अल्फाकडून जातो. बीटा अनेक ठिकाणी त्या आदेशाला लगाम घालतो. जेनिस्टीन अल्फाला जितके चिकटते त्याच्या अनेक पटींनी अधिक घट्टपणे बीटाला चिकटते, तर एस्ट्राडायोल दोघांनाही जवळपास सारखेच चिकटते. त्यामुळे ‘दुबळे इस्ट्रोजेन’ हे वर्णन मला नेहमी अपुरे वाटते. सोयाबीनमधील हे पदार्थ दुबळे तर आहेतच, शिवाय त्यांचा कल वेगळा आहे आणि म्हणून एखाद्या अवयवावर त्यांचा परिणाम इस्ट्रोजेनसारखा होईल की अजिबात होणार नाही, हे केवळ नावावरून सांगता येत नाही.

आता एक पेलाभर सोया दूध प्यायल्यावर काय होते ते पाहू. अडीचशे मिलिलिटर दुधात ६ ते ७ ग्रॅम प्रथिने आणि त्यासोबत ढोबळमानाने २५ मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन असतात. (सोयाबीनच्या तेलात ते जवळजवळ नसतातच, कारण ते प्रथिनांच्या भागासोबत राहतात.) सोयाबीनमध्ये त्यांच्या रेणूला साखरेचा रेणू जोडलेला असतो आणि त्या स्थितीत ते रक्तात शिरू शकत नाहीत. लहान आतड्यातील विकर आणि पुढे मोठ्या आतड्यातील जिवाणू ही साखर तोडतात, तेव्हा कुठे ते शोषले जातात. पण आतड्याची भिंत आणि यकृत त्यांना तसेच पुढे जाऊ देत नाहीत. बहुतांश रेणूंना ग्लुकुरोनिक आम्ल जोडले जाते आणि असा बांधलेला रेणू रिसेप्टरमध्ये नीट बसत नाही. पाच-सहा तासांनी रक्तातील प्रमाण शिखर गाठते आणि मग लघवीवाटे उतरत जाऊन एक-दोन दिवसांत जवळपास संपते.

या शिखराच्या वेळी बांधलेले आणि मोकळे असे सगळे रेणू मोजले, तर ते एका प्रौढ पुरुषाच्या रक्तातील एस्ट्राडायोलच्या काही हजारपट भरतात. हा आकडा एकटाच सांगितला तर कोणीही घाबरेल आणि अनेकदा तो तसा एकटाच सांगितला जातो. मात्र यांतील मोकळे, म्हणजे काम करू शकणारे रेणू शेकड्याला दोन-तीनच असतात, त्यामुळे हजारपटींचे प्रमाण शंभराच्या आसपास येते. आणि अल्फा रिसेप्टरमार्फत पेशीला चालना देण्याची त्यांची ताकद एस्ट्राडायोलच्या काही शतांश किंवा त्याहूनही कमी असते. एस्ट्राडायोलचाही बराच भाग रक्तातील प्रथिनांना बांधलेला असल्याने हा हिशेब काटेकोर नाही, परंतु परिणाम नगण्यही नाही आणि भयंकरही नाही, अशा सीमेवर तो आपल्याला आणून सोडतो. तेथून पुढे हिशेब पुरत नाही, प्रत्यक्ष माणसांतच पाहावे लागते.

पुरुषांच्या बाबतीत असे पाहणे बऱ्यापैकी झाले आहे. २०२१ साली ४१ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात सोया पदार्थ किंवा आयसोफ्लेव्होनच्या गोळ्या घेणाऱ्या पुरुषांत टेस्टोस्टेरॉन, मोकळे टेस्टोस्टेरॉन, एस्ट्राडायोल किंवा इस्ट्रोन यांच्या पातळीत कोणताही ठळक बदल आढळला नाही. याविरुद्ध नेहमी एका रुग्णाचे उदाहरण दिले जाते आणि ते खरे आहे. २००८ साली वैद्यकीय नियतकालिकात नोंद झालेल्या या ६० वर्षांच्या गृहस्थांचे स्तन वाढून दुखू लागले होते, रक्तातील इस्ट्रोजेनची पातळी कमालीची वाढली होती आणि तपासण्यांत गाठ वा औषध असे कोणतेही कारण सापडत नव्हते. खोदून विचारल्यावर कळले, की ते रोज तीन क्वार्ट सोया दूध पीत होते. तीन क्वार्ट म्हणजे सुमारे २.८ लिटर, अर्थात आपल्या हिशेबाने अकरा-बारा पेले आणि जवळपास ३०० मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन, तेही दररोज. जपानमध्ये परंपरेने सोया खाणाऱ्या प्रौढांचे रोजचे प्रमाण साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम असते. दूध बंद केल्यावर त्यांचे दुखणे थांबले आणि इस्ट्रोजेनची पातळीही हळूहळू पूर्ववत झाली. हे उदाहरण सोया निष्क्रिय नसल्याचे दाखवते, पण दिवसाला एक-दोन पेल्यांबद्दल त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

स्त्रियांच्या मनातील मोठी भीती स्तनाच्या कर्करोगाची आहे आणि तिचा उगम उंदरांवरील प्रयोगांत आहे. बीजांडकोश काढलेल्या, रोगप्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत मानवी कर्करोगपेशींची गाठ वाढवून त्यांना जेनिस्टीन दिले, तेव्हा गाठ आणखी वाढली. प्रयोग चोख होते, पण उंदराचे शरीर जेनिस्टीनला माणसाइतक्या कार्यक्षमतेने बांधून ठेवत नाही, त्यामुळे त्याच्या रक्तात मोकळ्या रेणूंचे प्रमाण कितीतरी अधिक असते. मेंढीने शिकवलेला धडा इथे पुन्हा समोर येतो. स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या ५,०४२ स्त्रियांचा शांघायमध्ये पाठपुरावा केला गेला आणि त्याचे निष्कर्ष २००९ साली आले. सर्वाधिक सोया खाणाऱ्या गटात मृत्यूचा धोका सर्वांत कमी खाणाऱ्या गटापेक्षा २९ टक्क्यांनी आणि आजार उलटण्याचा धोका ३२ टक्क्यांनी कमी होता. हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे. सोया अधिक खाणाऱ्या स्त्रिया इतरही बाबतींत वेगळ्या असू शकतात, म्हणून सोया कर्करोग रोखते असे यावरून म्हणणे घाईचे होईल. पण आहारातील सोयामुळे त्यांचा आजार बळावला असता, तर आकडे उलट्या दिशेने झुकले असते.

गोळ्यांची गोष्ट निराळी आहे, कारण आहारातून सहज मिळणार नाही एवढी मात्रा त्यांतून वर्षानुवर्षे घेता येते. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांना रोज १५० मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन पाच वर्षे देणाऱ्या एका इटालियन चाचणीत सुमारे ३ टक्के स्त्रियांच्या गर्भाशयाच्या अस्तराची अनावश्यक वाढ आढळली, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत एकीलाही ती आढळली नाही. कर्करोग कोणालाच झाला नव्हता, आणि कमी मुदतीच्या चाचण्यांत असा परिणाम दिसलेला नाही. तरीही वर्षानुवर्षे गोळी घेणाऱ्या स्त्रीने, विशेषतः रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव झाल्यास, ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घातलीच पाहिजे.

एकाच पेल्याचा परिणाम सर्वांवर सारखा का होत नाही, याचे उत्तर पुन्हा इक्वोलकडे जाते. सोयाबीनमधील डेडझीनपासून इक्वोल बनवणारे जिवाणू सर्वांच्या आतड्यात नसतात. पाश्चात्त्य देशांत साधारण चौघांपैकी एकाकडे, तर जपानमध्ये निम्म्याहून अधिक लोकांकडे ते आढळतात. रजोनिवृत्तीच्या काळातील उष्णतेच्या झळा सोयाने कमी होतात की नाही, यावरच्या चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामागे अनेक संशोधक हेही एक कारण मानतात.

तान्ह्या बाळांचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. केवळ सोयाच्या बाळदुधावर असलेल्या मुलाच्या रक्तातील आयसोफ्लेव्होन त्या वयातील एस्ट्राडायोलच्या १३,००० ते २२,००० पट असतात, असे १९९७ साली मोजले गेले आणि मेंढीप्रमाणेच या बाळाचेही दुसरे अन्न नसते. तान्हेपणी असे दूध मिळालेल्या व्यक्तींची २० ते ३४ व्या वर्षी केलेली पाहणी २००१ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात प्रजननाशी संबंधित बहुतेक बाबी सामान्य निघाल्या. फक्त स्त्रियांत पाळी किंचित अधिक दिवस चालते आणि तेव्हा त्रास थोडा अधिक होतो, असे दिसले. थायरॉइडच्या बाबतीत आयोडीन पुरेसे असलेल्या निरोगी प्रौढाला सोयाने अडचण येत नाही. पण जे थायरॉइडच्या कमतरतेवरची लेव्होथायरॉक्सिनची गोळी घेतात, त्यांच्या आतड्यात सोया ती गोळी पूर्णपणे शोषू देत नाही. म्हणून गोळी उपाशीपोटी घेऊन सोया पदार्थ काही तासांनी खावेत आणि आहारात सोया नव्याने वाढवले असल्यास टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी पुन्हा करून घ्यावी.