अझोला आणि ओला चारा (गोव्यातली विक्री)

पाण्यावर तरंगणारं बारीक नेचं म्हणजे अझोला. भारतात जास्त करून अझोला पिनाटा ही जात लावतात. पानाच्या पोकळीत निळं-हिरवं शेवाळ राहतं, ते हवेतला नायट्रोजन धरतं म्हणून प्रथिनं चांगली. या शेवाळाला जुन्या पुस्तकांत अ‍ॅनाबीना म्हणतात, नवीन अभ्यासक नॉस्टॉककडे झुकतात आणि तेच जास्त पटतं. भातशेतीत वापर चीन, व्हिएतनाममध्ये फार जुना. जनावरांना घालायची पद्धत आपल्याकडे पसरली ती बहुधा 2000 च्या आसपास, कन्याकुमारीच्या विवेकानंद केंद्राच्या कामातून.

वाफा 2 बाय 2 मीटरचा, खाली प्लास्टिक शीट, चाळलेली माती, शेणकाला, थोडं सुपर फॉस्फेट आणि अर्धी वीत पाणी. जम बसला की रोज अर्धा किलोच्या थोडं वर निघतं. गोव्यात कुळागराची सावली याला बरी, पण पावसात वाफा भरून वाहतो आणि अझोलाही त्यासोबत जातं, त्यामुळे वर छप्पर हवंच. पान लालसर झालं की समजायचं फॉस्फरस कमी पडलाय नाहीतर ऊन जास्त लागतंय.

वाद आहे तो दुधावर. 15 ते 20 टक्के दूध वाढतं असं सांगतात, पण ताज्या अझोलात 90 टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, म्हणजे किलोमागे कोरडा भाग साधारण 60 ग्रॅम आणि प्रथिनं जेमतेम 15 ग्रॅम, तेवढी शेंगदाणा पेंडीच्या 35-40 ग्रॅममध्ये मिळतात. त्यामुळे वाढ झालीच तर ती आधी अर्धपोटी असलेल्या गाईत जास्त दिसणार, हे मत सावध वाटतं.

आता विक्री. समजा शेजाऱ्याच्या 3 गाई, दर गाईला दीड किलो, म्हणजे रोज साडेचार किलो, त्याला 8 वाफे लागतात. पेंड 50 रुपये किलो धरली तर अझोलाची किंमत किलोला 2 रुपयांच्या आतबाहेर, महिन्याला 270 रुपये. वाफ्याला हजार खर्च धरला तर 8,000 फिटायला अडीच वर्षं जातात, आणि तोवर शीट फाटायला आलेली असते. नुसत्या अझोलावर धंदा उभा राहत नाही.

गिऱ्हाईक टिकतं नेपियर गवतावर. त्याच्या को-4 या जातीला तमिळनाडूत हेक्टरी वर्षाला 380 टनांच्या आसपास सांगतात, तेही भरपूर पाणी आणि खतावर. आपल्या जांभ्या जमिनीत निम्मंच धरावं, तरी 5 गुंठ्यांतून रोज सरासरी 25 किलो निघतो. 3 रुपये भाव धरला तर दिवसाला 75. पट्टे पाडून साधारण दीड महिन्याने एकेक कापत गेलं तर रोज ताजा चारा देता येतो.

पावसाळ्यात बांधावर गवत फुकट असतं तेव्हा कोणी विकत घेत नाही, मागणी खरी डिसेंबर ते मे. नेमकं एप्रिल-मेच्या उकाड्यात अझोला मंदावतं, तेव्हा रोजचा करार चाऱ्याचा करावा, पैसे दूध सोसायटीचं बिल आलं की घ्यावेत, आणि अझोला निघेल तसं त्यासोबत द्यावं.