‘मेट्रो’ धावली, ‘मेट्रोमार्ग’ मात्र खुला झाला

ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या भुयारी मेट्रोचा आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा पहिला टप्पा सुरू झाला. या घटनेविषयी बोलताना आपण मेट्रो धावली, मेट्रोमार्ग खुला झाला आणि मेट्रो स्थानक उघडले, असे सहज म्हणतो. तिन्ही नामांचा आरंभ एकाच परक्या शब्दाने होत असूनही क्रियापदाचे लिंग तीनदा बदलते, कारण सामासिक नामाचे लिंग त्याच्या शेवटच्या पदावरून ठरते.

‘तिकीट खिडकी’ घेऊ. ‘तिकीट’ नपुंसकलिंगी आहे, तरी खिडकी बंद होते, कारण येथे मुख्य वस्तू खिडकी असून तिकीट केवळ तिचा प्रकार सांगते. विभक्तीचा प्रत्ययही शेवटच्याच पदाला लागतो, म्हणून ‘तिकीट खिडकीवर’ म्हणताना पहिले पद जागचे हलत नाही. ‘मिसळ’ खाल्ली जाते आणि ‘मिसळपाव’ खाल्ला जातो. उलट ‘पाव’ पुल्लिंगी असूनही ‘पावभाजी’ खाल्ली जाते. ज्या समासात मुख्य अर्थ शेवटच्या पदात नसतो, तेथे मात्र हा नियम थांबतो. ‘उदर’ नपुंसकलिंगी असले, तरी ‘लंबोदर’ पुल्लिंगी आहे, कारण तो शब्द पोटाचा नसून गणपतीचा वाचक आहे. तसेच ‘नवराबायको’ आले असे आपण म्हणतो, आल्या असे म्हणत नाही.

शेवटचे पदच परभाषेतील असेल, तर बहुधा जवळच्या अर्थाचा मराठी शब्द त्याला आपले लिंग देतो. गाडीमुळे ‘लोकल’ येते, रस्त्यामुळे ‘कोस्टल रोड’ सुरू होतो. शब्दाचा शेवटही ओढ लावतो: आकारान्त शब्द पुल्लिंगाकडे झुकतात, ईकारान्त स्त्रीलिंगाकडे. या दोन ओढी परस्परविरुद्ध असल्या, तर काय होते हे ‘रिक्षा’ या शब्दात स्पष्ट दिसते. ‘सोफा’ पुल्लिंगी ठरला, म्हणून त्याचे ‘सोफे’ आणि ‘सोफ्यावर’ झाले; रिक्षाच्या बाबतीत मात्र शेवटावर गाडीने मात केली, म्हणून ती ‘शाळा’सारखी चालते, म्हणजे अनेक रिक्षा उभ्या राहतात आणि आपण रिक्षेत बसतो. मुंबईत ‘रिक्षात’ हे रूपही कानी पडते, पण अनेकवचन ‘रिक्षे’ होत नाही. ईकारान्ताचा आडाखाही ‘टीव्ही’पाशी चुकतो, कारण टीव्ही बिघडतो, घरच्या शब्दांतही ‘पाणी’ आणि ‘दही’ नपुंसकलिंगी आहेत.

वस्तूंमधील स्त्रीतत्त्व किंवा पुरुषतत्त्व ओळखून पूर्वजांनी लिंगे नेमली, असे सांगणारे संदेश मोबाइलवर फिरत असतात. ते पाठवणाऱ्यांनी ‘दाढी’ आणि ‘मिशी’ यांचा खुलासा अवश्य करावा.

‘ईमेल’चे लिंग अजून डळमळते. ‘पत्र’, ‘निरोप’ आणि ‘चिठ्ठी’ असे तीन लिंगांचे तीन शेजारी त्याला एकाच वेळी ओढत असल्याने एकाच कचेरीत तो आला, ती आली आणि ते आले, असे तिन्ही प्रयोग ऐकू येऊ शकतात.