सूर्यफुलात ३४ आणि ५५ कुठून आले, आणि शंखाचं काय?

सोलापूरकडं मोहोळ-बार्शीच्या रानात सूर्यफूल वाळायला आलं, की मधली बारीक फुलं झडून बी उघडं पडतं. ते बघा, बियांच्या वळणदार रांगा दोन्ही दिशांनी जातात. कडेच्या एका रांगेवर स्केचपेननं खूण करून मोजत गेलं तर बहुतेक वेळा एकीकडं ३४ आणि दुसरीकडं ५५ निघतात, मोठं फूल असेल तर ५५ आणि ८९. मध्याजवळ मोजू नका, तिथं आकडे बदलतात आणि गोंधळ होतो.

हे आकडे १, १, २, ३, ५, ८ अशा मालिकेतले, प्रत्येक आकडा आधीच्या दोघांची बेरीज. नाव फिबोनाचीचं, त्यानं १२०२ साली सशांच्या गणितात ती मांडली, पण त्याच्या आधीच विरहांक आणि हेमचंद्र यांनी छंदशास्त्रात ती काढली होती. लघु १ मात्रा, गुरू २ मात्रा, तर ४ मात्रांची ओळ किती प्रकारे होते? ५. आणि ५ मात्रांची ८, कारण शेवटी लघु असेल तर आधी ४ मात्रा उरतात (५ प्रकार), गुरू असेल तर ३ (३ प्रकार).

आता फुलाला हे गणित कोण शिकवतं? कोणी नाही. १८६८ साली हॉफमाइस्टर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं सांगितलं की वाढत्या टोकावर नवा कोंब जिथं जास्त मोकळी जागा असेल तिथं फुटतो. पुढं कळलं की तयार होत असलेला कोंब ऑक्सिन नावाचं संप्रेरक आपल्याकडं ओढून घेतो, म्हणून त्याच्या शेजारी लगेच दुसरा फुटत नाही. असं चालत राहिलं की प्रत्येक नवा कोंब आधीच्यापासून साधारण १३७.५ अंशावर येतो. समजा कोन ९० असता, तर बिया चार सरळ रांगांत उभ्या राहिल्या असत्या आणि मधली जागा वाया गेली असती.

१३७.५ ला ८ नं गुणा, ११०० येतात, म्हणजे ३ पूर्ण फेऱ्या आणि वर २० अंश. १३ नं गुणलं तर ५ फेऱ्यांना १२.५ अंश कमी. २१ नं गुणलं तर ८ फेऱ्यांच्या ७.५ पुढं, ३४ ला ५ मागं. म्हणजे ८, १३, २१, ३४ क्रमांकांनी पुढची बी जवळजवळ त्याच रेषेत येते, एकदा या बाजूला एकदा त्या बाजूला, म्हणूनच रांगा दोन दिशांनी दिसतात. सगळी फुलं हे पाळतात असं मात्र नाही, काहींत ४७ आणि ७६ सारखे वेगळे आकडेही निघतात.

शंखाचा या मालिकेशी संबंध मात्र लोकांनी उगाच जोडलाय. नॉटिलस या समुद्री प्राण्याचा शंख तोंडाशी वाढत जातो आणि आकार तोच ठेवतो, त्यामुळं एका पूर्ण वेढ्यात मध्यापासूनचं अंतर साधारण ३ पट होतं. या मालिकेवरून निघणाऱ्या सुवर्ण वळणात ते ६.८५ पट व्हायला पाहिजे. पट्टी घेऊन फोटोवर मोजलं तरी फरक लगेच दिसतो.