अहवालातले 150:75:30 म्हणजे किती गोण्या?

माती तपासणीचा अहवाल हातात आला की बहुतेक जण थेट शेवटच्या ओळीवर जातात. तिथे तीन आकडे असतात आणि ते किलोत असतात, म्हणून तेवढे किलो खत असा समज होतो. खरे तर ते किलो खताचे नसतात, खतातल्या अन्नद्रव्याचे असतात, आणि तेही बहुधा हेक्टरी. हे दोन फरक सुटले की पुढचा सगळा हिशेब चुकतो.

तापीकाठच्या चोपडा, यावल पट्ट्यातल्या काळ्या जमिनीचा एक नमुनेदार अहवाल घेऊ. सातबाऱ्यावर क्षेत्र 0.80 हेक्टर, म्हणजे जवळपास दोन एकर. पीक बागायती बीटी कापूस. सामू 8.3, विद्युतवाहकता 0.34, सेंद्रिय कर्ब 0.38 टक्के, मुक्त चुना 8.5 टक्के. उपलब्ध नत्र हेक्टरी 188 किलो, स्फुरद 11 किलो, पालाश 412 किलो. जस्त 0.48 आणि लोह 3.9 पीपीएम.

सामू 8.3 पाहून जिप्समच्या गोण्या आणणारे पुष्कळ आहेत. इथे त्याची गरज नाही. जमीन चोपण झाली असे म्हणायला सामू साधारण 8.5 च्या वर लागतो आणि मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमचे प्रमाण 15 टक्क्यांच्या पुढे लागते. या जमिनीचा सामू वर गेला आहे तो चुनखडीमुळे. जिप्सम हेही कॅल्शियमचेच संयुग, ते सोडियम हुसकावते. आधीच चुना भरलेल्या जमिनीत त्याला हुसकावायला काही नसते. वाहकता 1 च्या आत आहे, म्हणजे क्षारांचाही त्रास नाही.

आता मुख्य तीन अन्नद्रव्ये. महाराष्ट्रातल्या प्रतवारीत नत्र 141 ते 280 म्हणजे कमी, स्फुरद 7 ते 14 म्हणजे कमी, आणि पालाश 300 च्या वर म्हणजे अत्यंत जास्त. वर्षानुवर्षे डीएपी टाकूनही स्फुरद 11 वरच का? कारण पुन्हा तोच चुना. टाकलेले स्फुरद कॅल्शियमशी बांधले जाऊन मुळांना न मिळणाऱ्या रूपात जाते. म्हणून अशा जमिनीत स्फुरद फोकून न देता बियाण्याच्या बाजूला, थोडे खाली, ओळीत पेरून द्यायचे. मातीशी जितका कमी संपर्क, तितके ते कमी अडकते.

प्रतवारीवरून मात्रा अशी बदलते: कमी असेल तर शिफारशीच्या 25 टक्के जास्त, मध्यम असेल तर आहे तशी, अत्यंत जास्त असेल तर निम्मी. अहवालाने कापसासाठी मूळ शिफारस हेक्टरी 120:60:60 धरली आहे. नत्र वाढून 150, स्फुरद 75, पालाश उतरून 30. हीच शेवटच्या ओळीतली 150:75:30. ही वाढ-घट अहवालात आधीच केलेली असते, हे नीट पाहून घ्यावे. मूळ शिफारस वेगळ्या रकान्यात आणि सुधारित मात्रा वेगळ्या रकान्यात छापलेली असते. सुधारित आकड्यावर पुन्हा 25 टक्के चढवले की नत्र 187 वर जाते, आणि मग नुसता पाला वाढून रसशोषक किडींना आमंत्रण मिळते.

हेक्टरचे एकर करायला 2.5 ने भागा: एकरी 60 किलो नत्र, 30 स्फुरद, 12 पालाश. आता याचे खत. डीएपीत 46 टक्के स्फुरद, म्हणून 30 किलो स्फुरदासाठी 65 किलो डीएपी. त्यातल्या 18 टक्के नत्रामुळे जवळपास 12 किलो नत्र आपोआप येते. कापसाला नत्राचा पाचवा भाग लागवडीच्या वेळी द्यायचा असतो, म्हणजे 12 किलोच. त्यामुळे लागवडीला युरिया लागतच नाही. उरलेले नत्र 30 आणि 60 दिवसांनी, दर खेपेला 24 किलो, म्हणजे 52 किलो युरिया. पालाशसाठी 20 किलो म्युरेट ऑफ पोटॅश, तेही लागवडीलाच. दोन एकरांचे मिळून डीएपी 130 किलो, पोटॅश 40 किलो, आणि युरिया सुमारे 210 किलो, म्हणजे 45 किलोच्या साडेचार गोण्यांपेक्षा किंचित जास्त.

युरिया वर फेकून ठेवू नका. चुनखडीच्या जमिनीत, त्यात ऊन असेल तर, त्यातला बराच नत्र अमोनिया होऊन हवेत उडतो. झाडाच्या बाजूला चर पाडून द्यावा, मातीआड करावा आणि लगेच पाणी द्यावे.

दुकानात गेल्यावर 10:26:26 सुचवले जाते, आणि आपल्याकडे ते चालतेही फार. पण या अहवालात ते बसत नाही. 30 किलो स्फुरदासाठी 115 किलो 10:26:26 घ्यावे लागेल, आणि त्यासोबत 30 किलो पालाश येईल, जिथे गरज फक्त 12 ची आहे. जमिनीत 412 किलो असताना जास्तीच्या 18 किलोचे पैसे वाया. डीएपी मिळालेच नाही तर सिंगल सुपर फॉस्फेट बरे: एकरी 188 किलो, त्यात गंधकही मिळते. मात्र तेव्हा लागवडीचे 12 किलो नत्र वेगळे द्यावे लागते, म्हणजे 26 किलो युरिया.

जस्ताची किमान पातळी 0.6 पीपीएम आणि लोहाची 4.5, दोन्ही इथे कमी आहेत. अहवाल हेक्टरी 25 किलो झिंक सल्फेट आणि 25 किलो फेरस सल्फेट सुचवतो, एकरी प्रत्येकी 10 किलो. हे डीएपीत मिसळू नये, कारण स्फुरद आणि जस्त एकमेकांना अडकवून ठेवतात. दोन्ही खते प्रत्येकी दहापट शेणखतात कालवून, ओलसर ढीग दहा-पंधरा दिवस झाकून ठेवून मग द्यावीत. लोह या जमिनीत तरीही लवकर निकामी होते. शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी पडली आणि शिरा मात्र हिरव्या राहिल्या, तर फेरस सल्फेटची फवारणीच करावी लागते.

हा हिशेब कापसाचाच आहे. त्याच शेतात केळी लावायची असेल तर मूळ शिफारस झाडागणिक असते, 200 ग्रॅम नत्र, 40 स्फुरद, 200 पालाश, आणि तो हिशेब पहिल्यापासून मांडावा लागतो.

जस्ताचा आकडा अचानक चार-पाच पीपीएम आला तर खूश होऊ नका. बहुधा माती जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीत गोळा केलेली असते. स्फुरद किंवा पालाश शेजारच्या शेतांपेक्षा अवाच्या सवा असेल, तर नमुना उकिरड्याजवळचा किंवा नुकतेच खत दिलेल्या ओळीतला असू शकतो. आणि 2015 पासूनच्या मृद आरोग्य पत्रिका जुन्या असतील, तर वरचा गट क्रमांक आणि नमुन्याची जागा बघा. सुरुवातीच्या फेऱ्यांत बागायतीत अडीच हेक्टरला आणि जिरायतीत दहा हेक्टरला एक नमुना घेतला जाई, त्यामुळे त्या पत्रिकेतली माती शेजाऱ्याच्या शेतातली असू शकते. तसे असेल तर पुढची लागवड होण्याआधी, उन्हाळ्यात, आपल्या शेतातून 20 सेंटिमीटर खोलीपर्यंतचा नमुना वेगळा द्यावा.