कोल्हापूरचा समुद्रकिनारा : नसलेल्या गोष्टींबद्दलच्या विधानांची पार्श्वभूमी

‘कोल्हापूरचा समुद्रकिनारा अस्तित्वात नाही.’ हे वाक्य खरं आहे, याबद्दल कुणाचं दुमत होणार नाही. समुद्र बघायचा तर इथून करूळचा किंवा आंब्याचा घाट उतरून कोकणात जावं लागतं. पण शाळेत शिकलेल्या पद्धतीने हे वाक्य फोडायला घेतलं की अडायला होतं. ‘कोल्हापूरचा समुद्रकिनारा’ हे उद्देश्य आणि ‘अस्तित्वात नाही’ हे विधेय. उद्देश्य एखादी वस्तू पुढे ठेवतं आणि विधेय तिच्याबद्दल काहीतरी सांगतं, असं आपण धरून चालतो. इथे पुढे ठेवायला वस्तूच नाही. वस्तू असती तर वाक्य खोटं ठरलं असतं, आणि वस्तू नसेल तर वाक्य कशाबद्दल आहे हेच सांगता येत नाही. तरीही ते खरं आहे आणि आपल्याला कळतंही.

या कोड्यावरचं सर्वांत धीट उत्तर ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथे शिकवणाऱ्या अलेक्सियस माइनाँग यांनी दिलं. 1904 साली मांडलेल्या ‘वस्तूंच्या सिद्धान्ता’त त्यांचं म्हणणं असं होतं की, वस्तू कशी आहे हा एक प्रश्न आणि ती आहे की नाही हा दुसरा, आणि पहिल्याचं उत्तर दुसऱ्यावर अवलंबून नाही. सोन्याचा डोंगर कुठेही नसला तरी तो सोन्याचा आहे आणि डोंगर आहे. म्हणून ‘सोन्याचा डोंगर नाही’ असं म्हणताना आपण एका खऱ्याखुऱ्या उद्देश्याबद्दलच बोलतो. फक्त त्या उद्देश्याला अस्तित्व नाही. आज हे ऐकायला चमत्कारिक वाटतं, पण तेव्हा तसं नव्हतं. इंग्लिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांनी स्वतः 1903 च्या पुस्तकात लिहिलं होतं की संख्या, होमरचे देव, काल्पनिक प्राणी या सगळ्यांना कसलं ना कसलं ‘असणं’ आहेच, नाहीतर त्यांच्याबद्दल आपण बोललोच नसतो.

दुसरी वाट जर्मन तर्कशास्त्रज्ञ गोटलोब फ्रेगे यांनी 1892 सालीच दाखवली होती. शब्दाला अर्थ असतो, पण त्या अर्थाला साजेशी वस्तू जगात असेलच असं नाही. वस्तू नसेल तर वाक्य समजतं, पण ते खरंही नसतं आणि खोटंही नसतं. या वाटेने विचित्र वस्तूंची गर्दी टळते, पण खरं आणि खोटं यांच्यामध्ये एक पोकळी राहते. गणिताला पक्का पाया देऊ पाहणाऱ्या रसेल यांना ती परवडणारी नव्हती.

रसेल यांचा ‘ऑन डिनोटिंग’ हा निबंध ‘माइंड’ या नियतकालिकात ऑक्टोबर 1905 मध्ये आला. संपादक जी. एफ. स्टाउट यांना तो इतका अजब वाटला की त्यांनी फेरविचार करण्याची विनंती केली. रसेल यांनी ऐकलं नाही. निबंधातली मूळ कल्पना अशी : ‘अमुकचा तमुक’ अशी जी निश्चित वर्णनं आपण वाक्यात उद्देश्याच्या जागी ठेवतो, ती वस्तूची नावं नव्हेतच. त्यांना एकट्याने अर्थ नाही. पूर्ण वाक्याचा अर्थ उलगडला की ती वर्णनं उद्देश्य म्हणून गायब होतात आणि त्यांच्या जागी ‘किती’ सांगणारं विधान उरतं. अशा ‘किती’ सांगणाऱ्या पदाला तर्कशास्त्रात संख्यापक म्हणतात.

‘कोल्हापूरचा समुद्रकिनारा स्वच्छ आहे’ हे वाक्य घेऊ. रसेल यांच्या मते त्यात एकत्र बांधलेले तीन दावे आहेत. कोल्हापूरला निदान एक समुद्रकिनारा आहे. एकापेक्षा जास्त नाही. आणि जो आहे तो स्वच्छ आहे. चिन्हांत लिहिताना K म्हणजे ‘कोल्हापूरचा समुद्रकिनारा असणे’ आणि S म्हणजे ‘स्वच्छ असणे’ असं धरू. ∃ म्हणजे ‘असा कुणीतरी आहे’, ∀ म्हणजे ‘प्रत्येक’, ∧ म्हणजे ‘आणि’, → म्हणजे ‘जर-तर’ :

```
∃x (Kx ∧ ∀y (Ky → y = x) ∧ Sx)
```

यात कोल्हापूरच्या किनाऱ्याचं नाव कुठेच नाही. आहेत ते दोन गुण आणि ‘असा कुणीतरी x आहे’, ‘प्रत्येक y बाबत’ असे दोन संख्यापक. पहिला दावाच खोटा असल्याने सगळं वाक्य खोटं ठरतं. अर्थहीन ठरत नाही किंवा मधल्या पोकळीतही जात नाही. ‘अस्तित्वात नाही’ या वाक्याचंही कोडं सुटतं. कुठल्याही वस्तूकडून तिचं अस्तित्व काढून घेतलेलं नाही. Kx हा गुण नेमक्या एका गोष्टीला लागू पडतो, एवढंच नाकारलं आहे.

माझ्या मते या सिद्धान्तातली खरी कमाई मात्र पुढच्या पायरीवर आहे. पुष्कळदा हा सिद्धान्त तीन दाव्यांची यादी देऊन संपवला जातो, आणि ज्यासाठी रसेल यांनी एवढा खटाटोप केला तेच बाजूला राहतं. प्रश्न असा : ‘कोल्हापूरचा समुद्रकिनारा स्वच्छ आहे’ हे खोटं असेल तर ‘कोल्हापूरचा समुद्रकिनारा स्वच्छ नाही’ हे खरं असायला हवं. दोन परस्परविरुद्ध विधानांपैकी एक खरं असणारच, हा तर्काचा जुना नियम आहे. पण जगातल्या सगळ्या स्वच्छ किनाऱ्यांची यादी केली आणि अस्वच्छ किनाऱ्यांचीही केली, तरी कोल्हापूरचा किनारा दोन्हींत सापडणार नाही. रसेल यांनी हाच युक्तिवाद ‘फ्रान्सचा आजचा राजा टकला आहे’ या वाक्यावर केला होता. फ्रान्समध्ये 1870 पासून प्रजासत्ताक आहे. मग नियम मोडला का?

नाही मोडला, कारण ‘नाही’ला, म्हणजे चिन्हांत ¬ला, बसायला दोन जागा आहेत.

```
∃x (Kx ∧ ∀y (Ky → y = x) ∧ ¬Sx)
¬∃x (Kx ∧ ∀y (Ky → y = x) ∧ Sx)
```

पहिल्या ओळीत नकाराची पोहोच फक्त ‘स्वच्छ’पुरती आहे : असा एकच किनारा आहे, आणि तो अस्वच्छ आहे. हे खोटं. दुसऱ्या ओळीत नकार सगळ्यांच्या बाहेर उभा आहे : असा एकमेव आणि स्वच्छ किनारा आहे, ही गोष्टच खरी नाही. हे खरं. मूळ वाक्याचं खरं विरोधी विधान दुसरं आहे, त्यामुळे नियम शाबूत राहतो. बोलताना मात्र दोन्हींसाठी आपण एकच वाक्य वापरतो, आणि म्हणूनच गोंधळ होतो. कुठला नकार अभिप्रेत आहे हे तपासायची सोपी खूण आहे. वाक्यापुढे ‘कारण असा किनाराच नाही’ हे जोडून बघावं. ‘कोल्हापूरचा किनारा स्वच्छ आहे असं काही नाही, कारण असा किनाराच नाही’ हे बिनदिक्कत चालतं. ‘कोल्हापूरचा किनारा अस्वच्छ आहे, कारण असा किनाराच नाही’ हे चालत नाही.

आपल्याकडे हा नकार कुठे ठेवायचा याचा विचार रसेल यांच्या कितीतरी शतकं आधी झाला होता. सशाचं शिंग, म्हणजे शशशृंग, हे त्या वादातलं ठरलेलं उदाहरण. बौद्ध तार्किक ज्ञानश्रीमित्र आपल्या अनुमानात असली नसलेली उदाहरणं वापरू पाहत होते, आणि नैयायिक उदयनाचार्यांनी ‘आत्मतत्त्वविवेक’ या ग्रंथात त्यांना विरोध केला. न्यायदर्शनाचं म्हणणं असं की नसलेल्या वस्तूला उद्देश्य करून काही सांगताच येत नाही, अगदी तिचा अभावसुद्धा. ‘शशशृंग नाही’ याचा नीट अर्थ ‘सशाच्या ठायी शिंग नाही’ असा घ्यायचा. ससा खरा, शिंगही खरं (गाईला असतं), आणि नाकारलेला आहे तो त्यांचा संबंध. त्याच रीतीने ‘कोल्हापूरचा समुद्रकिनारा नाही’ म्हणजे ‘कोल्हापूरला समुद्रकिनारा नाही’. कोल्हापूर खरं, किनारा मालवणला पाहिलेला. भारतीय तत्त्वज्ञानाचे अभ्यासक बिमल कृष्ण मतिलाल यांनी विसाव्या शतकात ही चर्चा रसेल यांच्याशेजारी ठेवून तपासली. दोघांनीही फसवं उद्देश्य मोडून काढलं, पण साधनं वेगळी आहेत. नैयायिकाला तुकडे जगात कुठेतरी सापडावे लागतात. रसेल यांना नुसता गुण पुरतो, मग तो कुणालाही लागू नसला तरी चालतो.

रसेल यांच्या मांडणीला पहिला जोरदार धक्का इंग्लिश तत्त्वज्ञ पीटर स्ट्रॉसन यांनी 1950 साली ‘माइंड’मध्येच दिला. कोल्हापूरच्या रस्त्यावर एखादा पाहुणा म्हणाला, ‘तुमच्या कोल्हापूरचा समुद्रकिनारा स्वच्छ आहे हं’, तर ऐकणारा ‘खोटं आहे’ म्हणणार नाही. तो म्हणेल, ‘कोल्हापूरला समुद्र हाय कुठं?’ स्ट्रॉसन यांच्या मते किनारा असणं हा वाक्याचा दावा नाही, ते वाक्याचं गृहीत आहे. गृहीतच ढासळलं तर खरं-खोटं हा प्रश्न उद्भवत नाही. एकमेवतेच्या अटीबाबतही तेच. ‘तलाव भरला’ असं कुणी म्हटलं तर रंकाळा, कोटीतीर्थ आणि कळंबा असे निदान तीन तलाव समोर असताना रसेल यांच्या हिशेबाने वाक्य खोटं. पण रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसलेल्याला ते खरंच वाटतं, आणि दुसरीकडे असलेला फार तर ‘कुठला?’ म्हणून विचारतो. मराठीत वर्णन निश्चित आहे हे सांगणारा वेगळा शब्द नाही, प्रसंगावरून ते ठरतं, त्यामुळे ही अडचण आपल्याला जास्त जाणवते.

रसेल यांनी 1957 मध्ये उत्तर दिलं, आणि मला ते अजूनही बळकट वाटतं. समजा एका देशात कायदा आहे : ‘विश्वाचा नियंता शहाणा आहे’ हे ज्याला खोटं वाटतं त्याला सरकारी पद मिळणार नाही. एखादा नास्तिक स्ट्रॉसन यांचा आधार घेऊन म्हणाला, ‘मला ते खोटं वाटत नाही, माझ्या मते तो प्रश्नच उद्भवत नाही’, तर ही पळवाट कुणीही मान्य करणार नाही. पुढे 1964 साली खुद्द स्ट्रॉसन यांनीही कबूल केलं की काही वाक्यं सरळ खोटी वाटतात. त्यांचं उदाहरण प्रदर्शनाला भेट देणाऱ्या फ्रान्सच्या राजाचं होतं. ‘काल महाद्वार रोडवर फ्रान्सचा राजा खरेदीला आला होता’ हे ऐकून आपण थेट ‘खोटं’ म्हणतो, कारण इथे बोलणं महाद्वार रोडबद्दल चाललेलं असतं आणि राजा त्या बोलण्यात एक तपशील म्हणून येतो. गृहीत आणि दावा यांची सीमा अशी बोलण्याच्या विषयाप्रमाणे सरकते.

नावांचं काय, हा प्रश्न उरतो. 1859 साली फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए यांनी बुधाच्या कक्षेतली तफावत समजावण्यासाठी सूर्य आणि बुध यांच्यामध्ये एक ग्रह असावा असं सुचवलं, आणि त्याला व्हल्कन हे नाव मिळालं. 1915 मध्ये आइन्स्टाइन यांच्या सापेक्षता सिद्धान्ताने शतकाला 43 विकलांची ती तफावत ग्रहाशिवायच समजावली. ‘व्हल्कन नाही’ हे वाक्य रसेल यांच्या रीतीने सहज फुटतं, कारण ते नाव वर्णनातूनच जन्मलं : बुधाला असं हलवणारा एकमेव ग्रह नाही. पण 1970 च्या व्याख्यानांत अमेरिकन तत्त्वज्ञ सॉल क्रिपके यांनी दाखवलं की बहुतेक नावं अशी वर्णनाला बांधलेली नसतात. माणसाबद्दल आपल्याला माहीत असलेलं सगळं चुकीचं निघालं तरी नाव त्याचंच राहतं. त्यामुळे कथेतल्या एखाद्या पात्राचं नाव घेऊन ‘तो कधी नव्हताच’ असं म्हटलं, तर त्याच्या जागी नेमकं कुठलं वर्णन ठेवायचं आणि नकार कशाबाहेर उभा करायचा, याचं उत्तर 1905 च्या निबंधातून मिळत नाही.